वडिलांआधी मुलगा किंवा मुलगी वारल्यास नातवंडांचा हिस्सा: वारस नोंदीतील अडचणी

वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ उतारा आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तलाठी कार्यालयात द्यावे लागते. एवढे बहुतेक जण बरोबर देतात. अर्ज अडतो किंवा पुढे तंटा होतो तो वडिलांच्या हयातीत वारलेल्या अपत्याच्या शाखेवरून.

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित जमिनीला 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 10 लागू होते. समजा, सहा एकर, म्हणजे 240 गुंठे जमिनीचे मालक 2021 मध्ये वारले. मागे पत्नी व एक मुलगा आहे. दुसरा मुलगा 2009 मध्ये वारला असून त्याची पत्नी व दोन मुले आहेत. मुलगी 2012 मध्ये वारली असून तिचा पती व दोन मुले आहेत. येथे माणसे मोजून भाग पाडणे ही नेहमीची चूक आहे. आधी शाखा मोजायच्या: पत्नी, हयात मुलगा, मृत मुलाची शाखा आणि मृत मुलीची शाखा, असे चार समान भाग, प्रत्येकी 60 गुंठे. मृत मुलाच्या भागात त्याची विधवा व दोन मुले यांना प्रत्येकी 20 गुंठे मिळतात, तर मृत मुलीच्या भागात तिच्या दोन मुलांना प्रत्येकी 30. सुनेला वाटा मिळतो, जावयाला मिळत नाही. हयात मुलाच्या मुलांना आजोबांच्या जमिनीत थेट काहीही येत नाही.

मृत्यूंचा क्रम बदलला की हे गणितही बदलते. हाच मुलगा वडिलांनंतर वारला असता, तर त्याचे 60 गुंठे आधी त्याच्या मालकीचे झाले असते आणि मग त्याची आई, पत्नी व दोन मुले यांच्यात प्रत्येकी 15 असे वाटले गेले असते. मुलगी वडिलांनंतर वारली असती, तर तिच्या पतीलाही मुलांच्या बरोबरीने 20 गुंठे मिळाले असते. म्हणून केवळ आजोबांचा दाखला पुरत नाही. आधी वारलेल्या अपत्याचाही लागतो, आणि नेमका तोच पुष्कळांकडे नसतो.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते, मूळ गावी नव्हे, त्यामुळे दाखला प्रथम तिथे शोधावा. नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा, अथवा तसा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. हे काम वेळखाऊ असल्याने ते वारस अर्जाच्या आधीच सुरू करावे. दाखला मिळत नाही म्हणून वारलेल्या बहिणीचे नाव वंशावळीतूनच गाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नये, मग तो कार्यालयातल्या कोणी का दिला असेना. ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरते, आणि भाच्यांचा हक्क त्याने बुडत नाही, कारण फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे.

जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल, तर वडिलांचा स्वतःचा हिस्सा आधी वेगळा काढावा लागतो आणि वरील वाटणी तेवढ्याच हिश्श्याला लागू होते. तिथे वकिलाकडून आकडे तपासून घेतल्याशिवाय अर्जात अपूर्णांक लिहू नयेत.