व्हारचं बॅकटेस्टिंग: पाचव्या एक्सेप्शनला पिवळा दिवा का लागतो

बँकेच्या रिस्क विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षात किती दिवस तोटा व्हारच्या अंदाजाबाहेर गेला यावरून हिरवा झोन शून्य ते चार, पिवळा पाच ते नऊ, लाल दहा आणि पुढे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. पण पाचच का, आणि पिवळ्या झोनमध्ये बँकेच्या भांडवलाच्या गुणकात मिळवायचे ते विचित्र आकडे, ०.४०, ०.५०, ०.६५, ०.७५, ०.८५, हे कुठून आले असं विचारलं की बहुतेक जण बँकांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या बासल कमिटीकडे बोट दाखवून "बासलने दिलेत" म्हणून मोकळे होतात. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणायचो. मग एकदा पुण्यातल्या आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने मला भर मीटिंगमध्ये हे विचारलं आणि माझी जी काही पंचाईत झाली, त्यानंतर घरी बसून १९९६ चा मूळ कागद वाचला. आकडे हवेतून काढलेले नाहीत, चांगला हिशोब आहे त्याच्यामागे.

आधी थोडं मागे जाऊ. जेपी मॉर्गनचे डेनिस वेदरस्टोन रोज दुपारी सव्वाचारला एका पानावर सगळ्या बँकेची रिस्क मागायचे, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेली असते. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच बँकेने रिस्कमेट्रिक्स नावाने आपली पद्धत आणि डेटा बाहेर सगळ्यांना खुला केला, आणि व्हार म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क घरोघरी पोचलं. सोप्या भाषेत, ९९ टक्के एका दिवसाचं व्हार दोन कोटी आहे म्हणजे शंभर दिवसांतून साधारण एकाच दिवशी दोन कोटींपेक्षा जास्त तोटा व्हायला हवा. तो झाला की त्याला एक्सेप्शन म्हणायचं.

तेव्हा बासल कमिटीपुढे मोठा पेच होता. एप्रिल १९९३ मध्ये त्यांनी मार्केट रिस्कसाठी बँकेने राखून ठेवायच्या भांडवलासाठी ठरीव टक्केवारीची पद्धत सुचवली होती, आणि मोठ्या बँका म्हणत होत्या की आमची मॉडेल्स याच्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत. एप्रिल १९९५ मध्ये कमिटीने मान तुकवली आणि अंतर्गत मॉडेल वापरू द्यायचं ठरवलं, जानेवारी १९९६ मध्ये नियम पक्का झाला. पण यात गोम अशी की भांडवल मॉडेलवर ठरणार आणि मॉडेल बँकेचं, म्हणजे व्हार कमी दाखवलं की भांडवल कमी लागणार. मुलानेच आपला पेपर तपासायचा तसं. म्हणून दोन कुलपं लावली. एक, दहा दिवसांच्या व्हारला किमान तीनने गुणायचं (कालचा आकडा किंवा मागच्या साठ दिवसांच्या सरासरीची तिप्पट, जे जास्त ते). आणि दुसरं म्हणजे बॅकटेस्टिंग, म्हणजे व्हारचा अंदाज प्रत्यक्ष तोट्याशी ताडून बघणं, ज्यासाठी त्याच महिन्यात वेगळा कागद काढला.

भांडवल दहा दिवसांवर आणि बॅकटेस्टिंग मात्र एका दिवसावर, यात विसंगती वाटते खरी. पण दहा दिवसांत डेस्कची पोझिशन इतकी बदलते की सुरुवातीच्या पोर्टफोलिओच्या व्हारशी शेवटचा तोटा ताडून बघण्यात अर्थ नाही, शिवाय वर्षात एकावर एक न चढणारे दहा-दहा दिवसांचे तुकडे पडतात फक्त पंचवीस, त्यावरून काय कळणार.

तर २५० दिवस, एक टक्का, म्हणजे अपेक्षित एक्सेप्शन अडीच. अडीच हे सरासरीचं गणित, प्रत्यक्षात मॉडेल अगदी अचूक असलं तरी एखाद्या वर्षी शून्य येईल, एखाद्या वर्षी पाच. नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोबर पन्नास छापे येतातच असं नाही, तेच. कमिटीने बायनॉमिअलचं कोष्टक मांडलं. एक्सेलमध्ये आजही दोन मिनिटांत करून बघता येईल:

```
=BINOM.DIST(4,250,0.01,TRUE)
=BINOM.DIST(5,250,0.01,TRUE)
```

पहिल्याचं उत्तर ०.८९२२, दुसऱ्याचं ०.९५८८. नियम असा केला की तितके किंवा त्याहून कमी एक्सेप्शन येण्याची ही शक्यता जिथे ९५ टक्के ओलांडते तिथून पिवळा सुरू, आणि जिथे ९९.९९ टक्क्यांना पोचते तिथून लाल. ९५ पहिल्यांदा ओलांडलं जातं पाचवर, ९९.९९ येतं दहावर. झालं, पाच आणि दहा इथून आले.

याची दुसरी बाजू मात्र नीट बघायला हवी. चारपर्यंत राहण्याची शक्यता ८९.२२ टक्के, म्हणजे ज्या बँकेचं मॉडेल एकदम चोख आहे तीही जवळपास ११ टक्के वेळा काही चूक नसताना हिरव्यातून बाहेर पडणार. आणि उलटीकडून, ज्याचं मॉडेल खरं तर ९८ टक्क्यांचंच आहे, म्हणजे एक्सेप्शन दुप्पट येतायत, ते जवळपास ४४ टक्के वेळा हिरव्यातच बसतं! ९७ टक्क्यांचं असेल, म्हणजे तिप्पट, तरीही साधारण १३ टक्के वेळा सुटतं. २५० दिवसांत माहितीच इतकी कमी आहे की साव आणि चोर दोघांना एकाच चाळणीतून वेगळं काढता येत नाही. कमिटीला हे माहीत होतं, त्यांनी स्वतःच ही कोष्टकं कागदात छापली आहेत, आणि म्हणूनच एकच रेघ न मारता मध्ये पिवळा पट्टा ठेवला. हिरवा म्हणजे चालू द्या, लाल म्हणजे मॉडेलमध्ये गडबड आहे असंच धरायचं, मधल्यात बँकेने आपली बाजू मांडायची.

आता ते विचित्र आकडे. माझ्या मते कागदातला सगळ्यात सुंदर भाग हाच. समजा २५० दिवसांत पाच एक्सेप्शन आले, म्हणजे दोन टक्के, म्हणजे तुमचं व्हार ९९ चं नसून ९८ टक्क्यांचं आहे असं समजू. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनमध्ये ९९ टक्क्यांसाठी २.३२६ सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलनं, लागतात, ९८ साठी २.०५४. म्हणजे व्हार ९९ च्या पातळीला आणायला त्याला २.३२६ भागिले २.०५४, साधारण १.१३ ने वाढवावं लागेल. भांडवलाचा गुणक तीन आहे, तीन गुणिले १.१३ म्हणजे ३.४०. अधिकचे ०.४०! सातसाठी करून बघा: २.८ टक्के, सिग्मा १.९११, गुणोत्तर १.२१७, तिप्पट ३.६५. दहासाठी चार टक्के, सिग्मा १.७५१, आणि उत्तर जवळपास बरोबर ४, म्हणून लाल झोनमध्ये अधिक १. म्हणजे दंड दिसतो तो दंड नाहीच, मॉडेल जितकं कमी पडलं तितकी भर. रुपयांत सांगायचं तर डेस्कचं दहा दिवसांचं सरासरी व्हार दहा कोटी असेल तर भांडवल ३० कोटी, सात एक्सेप्शन झाले की साडेछत्तीस. ही नॉर्मलवाली भर खऱ्या बाजारासाठी कमीच आहे, कारण बाजाराचं शेपूट त्यापेक्षा जाड असतं, म्हणजे टोकाचे तोटे जास्त वेळा येतात, पण निदान तर्क तरी आहे.

पिवळ्यात बाजू मांडायची म्हणजे कारण द्यायचं, आणि कारणांचे प्रकारही कागदातच आहेत: पोझिशन सिस्टिममध्ये चुकीची गेली किंवा व्होलॅटिलिटीचा हिशोब चुकला, मॉडेल पुरेसं बारीक नाही, दिवसभरातल्या ट्रेडिंगने पोझिशन बदलली, किंवा मग नशीब. पहिल्या दोन कारणांवर भर लागणारच, चौथ्यावर सूट मिळू शकते. आता सांगा, कुठली बँक पहिलं कारण लिहील? मी एकेकाळी असले खुलासे लिहायचो आणि "बाजारात अभूतपूर्व हालचाल" हे वाक्य आमच्याकडे कॉपी-पेस्टलाच ठेवलेलं असायचं.

त्याच सुमारास, १९९५ मध्ये, फेडरल रिझर्व्हचे पॉल कुपिएक यांनी दोन्ही बाजूंनी बघणारी चाचणी दिली होती. एक्सेप्शनचं प्रत्यक्ष प्रमाण आणि एक टक्का, यातली कुठली शक्यता डेटाला जास्त जुळते याच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगची दुप्पट काढायची आणि ती ३.८४ च्या वर गेली की मॉडेल नाकारायचं. २५० दिवसांसाठी सहा एक्सेप्शनला साधारण ३.५६ येतात, पास. सातला ५.५०, नापास. पण गंमत शून्यावर आहे, शून्यालाही ५.०३ येतात, म्हणजे नापास. कुपिएकच्या हिशोबाने वर्षभर एकही एक्सेप्शन नसणं हाही मॉडेलमधला दोष, आणि बासलच्या दिव्याला मात्र शून्य सगळ्यात आवडतं.

मग बँकांनी काय केलं असेल ते ओळखा. २००८ मध्ये क्रिस्तॉफ पेरिन्यों आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या सहा मोठ्या बँकांचा अभ्यास छापला. एकूण ७,३५४ दिवस, अपेक्षित एक्सेप्शन ७४, प्रत्यक्षात दोन. व्हार फुगवून ठेवलं होतं, त्याचं एक कारण म्हणजे वेगवेगळ्या रिस्क एकमेकींना कापतात ते पुरेसं धरलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सगळीकडेच चालते, की तुलनेच्या नफातोट्यात ब्रोकरेज, फी, दिवसभराच्या ट्रेडिंगची कमाई मिसळलेली असते, ती तोट्याला गादीसारखी झेलते आणि एक्सेप्शन दिसतच नाही. म्हणून आता काल्पनिक नफातोटाही बघतात, म्हणजे कालची पोझिशन तशीच गोठवून आजच्या भावाने मोजायची.

आणि मग ऑगस्ट २००७. गोल्डमन सॅक्सचे डेव्हिड विनियर म्हणाले की सलग काही दिवस पंचवीस सिग्माच्या हालचाली दिसतायत. पंचवीस सिग्मा विश्वाच्या वयातही एकदा यायचे नाहीत, म्हणजे सिग्माच चुकला होता. हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये हे कसं होतं ते बघा. मागचे २५० दिवस घ्यायचे, सगळ्यांना सारखं वजन, त्यातला साधारण तिसरा वाईट दिवस म्हणजे तुमचं ९९ टक्के व्हार. शांत वर्षानंतर वादळ आलं तर पहिला मोठा तोटा यादीत वरच्या नंबरला जाऊन बसतो पण तिसरा नंबर अजून जवळपास जुनाच, व्हार जेमतेम हलतं. दुसरा तोटा, तेच. दोन-तीन आपटे खाल्ल्याशिवाय मॉडेलला जाग येत नाही, आणि तोवर एक्सेप्शन एकाला लागून एक पडलेले असतात. पीटर क्रिस्टोफरसन यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की नुसती संख्या मोजून भागत नाही, आज एक्सेप्शन झालं तर उद्याची शक्यता वाढते का हेही तपासा. वर्षभर विखुरलेले चार आणि एका आठवड्यातले चार यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण बासलचा दिवा दोघांना हिरवाच. तोटा व्हारच्या एक टक्का वर गेला की पाचपट गेला हेही तो विचारत नाही.

संकटानंतर कमिटीने भांडवलासाठी व्हार काढून एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल आणलं, म्हणजे शेपटातल्या तोट्यांची सरासरी. पण त्याचं बॅकटेस्टिंग सरळ मोजून करता येत नाही, सरासरी चुकली की नाही हे एका दिवसाच्या हो-नाहीवरून कसं ठरणार. म्हणून नव्या नियमातही भांडवल शॉर्टफॉलवर आणि परीक्षा व्हारवरच. प्रत्येक ट्रेडिंग डेस्कची वेगळी परीक्षा, बारा महिन्यांत ९९ टक्क्यांवर बारापेक्षा जास्त किंवा ९७.५ टक्क्यांवर तीसपेक्षा जास्त एक्सेप्शन झाले की त्या डेस्कचं मॉडेल बंद. आणि पूर्ण बँकेसाठी तेच जुने तीन दिवे, फक्त गुणक तीनऐवजी दीड, त्यामुळे पाच एक्सेप्शनची भर ०.४० ची ०.२० झाली, दहाची १ ची अर्धी.