ट्वेल्व्ह-बार ब्लूज

ट्वेल्व्ह-बार ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजात घडलेल्या ब्लूज गायनाचा सर्वांत रूढ साचा आहे. चार मात्रांचा एक बार, असे १२ बार म्हणजे ४८ मात्रा मिळून त्याचे एक आवर्तन होते आणि गाणे संपेपर्यंत तेच आवर्तन फिरत राहते. आपल्या संगीतात आपण तालात कुठे आहोत हे ठेक्याचे बोल सांगतात. येथे ते काम कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरगट करतात.

पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर जातात. पाचव्या बारात मध्यमाची कॉर्ड येते आणि सातव्यात पुन्हा षड्जाची. नवव्या बारात पंचमाची, दहाव्यात मध्यमाची आणि अखेरचे दोन बार षड्जाची, अशी नेहमीची चाल असते. बाराव्या बारात पुष्कळदा पंचम डोकावतो व पुढच्या आवर्तनाकडे ढकलतो. शब्दांच्याही तीन ओळी असतात: एक ओळ, तीच पुन्हा, आणि तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार मिळत असले तरी गायक सहसा दोन-अडीच बारांतच थांबतो आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका जबाब देते.

ब्लू नोट म्हणजे या गायनातील मुद्दाम खाली ओढलेला गंधार किंवा निषाद, आणि कधी कधी पंचमही. त्याला कोमल गंधार म्हणून मोकळे होता येत नाही, कारण गायक तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावतो, आणि एकाच ओळीत त्याची जागा हलवतोही. मींडेला सरावलेल्या कानाला हे लगेच कळते; पेटीवर ते का निघत नाही, हेही कळते. पियानोवादकाची अडचण नेमकी पेटीवाल्याचीच असते. म्हणून तो कोमल गंधाराची पट्टी निसटती दाबून लगेच शुद्ध गंधारावर येतो, किंवा दोन्ही एकदम दाबतो, आणि मधल्या स्वराचा भास तेवढा करून देतो. या स्वराची खरी गंमत कॉर्डच्या संगतीत दिसते. पहिल्या चार बारांत खालच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असल्याने वरचा उतरता गंधार त्याच्याशी घासतो. ब्लूजमध्ये प्रत्येक कॉर्डला तिचा कोमल सातवा स्वर जोडण्याची रीत आहे, आणि मध्यमापासून मोजल्यास तो सातवा स्वर म्हणजे मूळ षड्जाचा कोमल गंधारच होय. त्यामुळे पाचव्या बारात तीच ओळ त्याच स्वरांत पुन्हा गायली, तरी मघाचा खटकणारा गंधार आता कॉर्डमध्ये जाऊन बसतो.

१२ हा आकडा आरंभी पक्का नव्हता. एकट्याने गिटारवर गाणारा कलावंत श्वास पुरेल तशी ओळ लांबवत असे. पुढील काळातही जॉन ली हूकरसारख्यांच्या गाण्यांत बार कमी-जास्त होतात, आणि अशा गायकामागे मोजून वाजवणारा संच पाचव्या किंवा नवव्या बारात हमखास चुकतो, कारण कॉर्ड बदलायच्या मुख्य जागा त्याच असतात. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ आणि १९१४ मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केल्यावर हा साचा वाद्यवृंदांना कागदावर मिळाला. गायकांचा तो घसरता गंधार मात्र स्वरलिपीत कोमल म्हणूनच उतरवावा लागला.

रॉक अँड रोलमध्ये हा साचा बव्हंशी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या नाचत्या संचांमार्फत, कॉर्डचा क्रम जवळपास न बदलता आला. चक बेरी यांचे १९५८ चे ‘जॉनी बी. गुड’ याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्याच्या कडव्यात चार बार षड्ज, दोन मध्यम, दोन षड्ज, दोन पंचम, दोन षड्ज असा हिशेब आहे. दहाव्या बारातील मध्यम गाळला आहे, एवढाच फरक. शब्दांत मात्र मोठा बदल झाला. ओळीची पुनरुक्ती गेली आणि कडवे सलग गोष्ट सांगू लागले, त्यामुळे जबाबासाठीची मोकळी जागा आक्रसली व गिटारचे बोलणे आरंभीच्या तुकड्यात आणि मधल्या स्वतंत्र आवर्तनांत गेले. तो प्रसिद्ध आरंभही लुई जॉर्डन यांच्या १९४६ च्या एका ध्वनिमुद्रणात कार्ल होगन यांनी गिटारवर वाजवलेल्या तुकड्यावरून घेतलेला आहे.

साथीची गिटार बूगी-वूगी पियानोच्या डाव्या हाताची नक्कल करते: खालचा षड्ज कायम ठेवून त्यावर पंचम आणि धैवत आलटून पालटून वाजतात, आणि धैवतासाठी करंगळी दोन पडदे पुढे ताणावी लागते. कॉर्ड बदलली की हीच आकृती शेजारच्या तारांवर सरकते. लय मात्र बदलली. ब्लूजच्या शफलमध्ये मात्रेचे दोन भाग लांब-आखूड असतात, तर लिटल रिचर्ड यांचा पियानोवरील उजवा हात ते समसमान वाजवी. त्याच्याशी जुळवून घेताना आपण सरळ ठेका धरला, असे न्यू ऑर्लिन्सचे ड्रमवादक अर्ल पामर सांगत. बेरींच्या अनेक ध्वनिमुद्रणांत गिटार सरळ चालते आणि मागचा ठेका अजून झुलत असतो. ब्लू नोट या वेगातही टिकली. तार बोटाने आडवी ओढली की गिटारवर कोमल गंधाराच्या किंचित वरचा तो स्वर सापडतो, आणि त्यासाठी पियानोवाल्यासारखे दोन स्वर एकदम वाजवावे लागत नाहीत.