संतचरित्र मालिका आणि लीलाप्रसंगांची ओळख

संतांच्या चरित्रावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांत एखाद्या भागात नेमका कोणता संत आणि कोणती लीला दाखवली आहे, हे ठरवण्याची रीत. भाग मधूनच पाहायला घेतला, किंवा कुणी एखादे दृश्य तेवढेच कापून पाठवले, तर हा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा मूळ पोथीत सापडते, पण त्यासाठी चमत्कारापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय चालले आहे हे पाहावे लागते.

कारण चमत्कार पुन्हापुन्हा येतात. देव भक्ताचे रूप घेऊन त्याचे काम करतो, हा प्रसंग सेना न्हाव्याच्या कथेत आहे आणि थोड्या फरकाने दामाजीपंतांच्या कथेतही. शिर्डीत साईबाबांनी पाण्यावर पणत्या पेटवल्या, तर शेगावला गजानन महाराजांची चिलीम विस्तवावाचून पेटली. वेशावरूनही फारसे कळत नाही. पोथीतले गजानन महाराज दिगंबर आहेत, पण पडद्यावर त्यांना वस्त्र द्यावे लागते. मग लंगोटी नेसलेले, तोंडाने अगम्य बोलणारे अक्कलकोटचे स्वामी आणि शेगावचे महाराज दुरून सारखेच दिसू लागतात. काळाचीही फारशी मदत होत नाही: महाराज शेगावात प्रकटले २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला स्वामींनी समाधी घेतली.

म्हणून पहिली खूण म्हणजे भोवतालची माणसे. चोळप्पा किंवा बाळप्पा अशी हाक ऐकू आली तर अक्कलकोट, म्हाळसापती किंवा तात्या कोते दिसले तर शिर्डी, बंकटलाल दिसला तर शेगाव. लेखक संवाद हवे तसे बदलतो, पण पोथीतल्या प्रमुख भक्तांची नावे सहसा बदलत नाही, कारण श्रोत्यांना ती पाठ असतात.

विहिरीला पाणी लागण्याचा प्रसंग उदाहरणादाखल पाहू. समजा, दृश्यात भर दुपारी एक अवलिया शेतकऱ्याकडे पाणी मागतो. शेतकरी त्याला धडधाकट असून भीक मागतोस म्हणून झिडकारतो. अवलिया जवळच्या विहिरीकडे जातो. शेतकरी मागून ओरडतो की ती वर्षानुवर्षे कोरडी आहे. थोड्या वेळाने विहीर भरते आणि शेतकरी पाय धरतो. विहीर म्हटली की वारकरी घरातल्या प्रेक्षकाला आधी ज्ञानेश्वर-नामदेव आठवतील. त्या दोघांच्या तीर्थयात्रेत मारवाडातल्या एका विहिरीची कथा आहेच. पण तिथे पाणी आहे, फक्त फार खोल आहे. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने आत उतरून पाणी पितात, नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि पाणी उसळून काठापर्यंत येते. तिथे नकार देणारा कुणी नाही. कथेचा सगळा रोख सिद्धी आणि भक्ती यांच्यातल्या फरकावर आहे.

आपल्या दृश्यात मात्र झिडकारणारा शेतकरीच कथेचा कणा आहे. तो अकोलीचा भास्कर पाटील, आणि प्रसंग दासगणूंच्या २१ अध्यायी ‘श्रीगजाननविजया’तील पाचव्या अध्यायाचा. पडताळा घ्यायचा तर मागचे भाग पाहावेत. त्याच अध्यायात आधी पिंपळगावच्या महादेव मंदिरात गुराख्यांना समाधिस्थ महाराज सापडतात. ते भाग नुकतेच होऊन गेले असतील तर शंका उरत नाही. पुढे भास्कर महाराजांचा निकटचा भक्त होतो. म्हणून ज्या भागात तो आधीच सेवेत वावरतो आहे, तो विहिरीच्या प्रसंगानंतरचा धरावा.

ही रीत एका ठिकाणी अडते. पोथीतला अध्याय दीड-दोनशे ओव्यांचा, आणि मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते. तेव्हा शेकडो भागांना कथा पुरवायची तर लेखकाला नवी पात्रे घडवावी लागतात. सासुरवास, सावकारी, भावकीतले भांडण अशी कथा आठवडाभर चालते आणि शेवटी महाराज येऊन गुंता सोडवतात. अशा भागाचा अध्याय शोधण्यात दिवस घालवू नये. ओळखण्याची खूण अशी: गावाचे नाव मोघम असते, भक्ताला आडनाव नसते, आणि खलनायक चमत्काराच्या आधी चार-पाच भाग पडद्यावर वावरतो. पोथीत दुष्टाला एवढा वेळ कुणी देत नाही.

दोन्हींच्या मधली तऱ्हा सर्वांत फसवी. मूळ लीला खरी असते, पण ती दुसऱ्याच भक्ताच्या नावावर घातलेली असते किंवा दोन लीला एकत्र शिवलेल्या असतात. तेव्हा संत आणि गाव निश्चित सांगता येते. अध्यायाबाबत ‘अमुक प्रसंगावर बेतलेला’ एवढेच म्हणावे.