सौदा घ्यायचा की सोडायचा?

चर्चगेट लोकलमध्ये शेअर बाजाराच्या गप्पा ऐकल्या की एक समजूत हमखास भेटते: तोटा होतोय ना, मग खरेदी-विक्रीचा आणखी चांगला संकेत शोधा. मला मात्र दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. हातात असलेल्या नियमाचे कोणते संकेत सोडून द्यायचे? गुंतवणूक क्षेत्रातले संशोधक मार्कोस लोपेझ दे प्राडो यांनी २०१८ साली मांडलेले ‘मेटा लेबलिंग’ नेमके हेच विचारते.

समजा, आपला नियम साधा आहे: २० दिवसांची सरासरी किंमत ५० दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली की खरेदी. दिशा हा नियमच ठरवतो. त्याच्या जोडीला बसवलेले दुसरे, संगणकी मॉडेल फक्त ‘घे’ किंवा ‘सोड’ म्हणते.

ते शिकते जुन्या संकेतांवरून. प्रत्येक संकेतानंतर पुढचे दहा दिवस पाहायचे. भाव आधी २ टक्के वर गेला तर त्या संकेताला १. आधी दीड टक्का खाली आला किंवा मुदत संपली तर ०. सोबत संकेताच्या क्षणी माहीत असलेल्याच गोष्टी द्यायच्या: भावातले चढउतार, उलाढाल, एकूण बाजाराचा कल. यावरून नव्या संकेताला १ मिळण्याची शक्यता किती, हे मॉडेल सांगते.

आता कल्पित हिशेब करू. १०० संकेतांपैकी ४० यशस्वी, ६० अयशस्वी, आणि सोपेपणासाठी प्रत्येक अपयशात दीड टक्का तोटा. कमाई ८०, तोटा ९०, शिवाय दर सौद्याला दलाली-कर मिळून ०.२ टक्के धरले तर २० खर्च. म्हणजे एकूण उणे ३०. मॉडेलने ५० संकेत सोडले आणि उरलेल्यांत २८ यशस्वी निघाले, तर कमाई ५६, तोटा ३३, खर्च १०: अधिक १३. यात १२ चांगले सौदेही हातचे गेले, हे विसरायचे नाही. याच आकड्यांतून उंबरठाही निघतो. यशाची शक्यता साधारण ४९ टक्क्यांच्या वर असेल तरच सौदा परवडतो. म्हणूनच ‘९० टक्के अचूक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टिप्सवर माझा विश्वास नाही. नफा-तोट्याचे प्रमाण आणि खर्च सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नसतो.

इथे सर्वांत मोठा घोटाळा चाचणीत होतो. जुने संकेत दोन भागांत वाटून एकावर मॉडेलची शिकवणी आणि दुसऱ्यावर परीक्षा घेतात. सोमवारच्या आणि बुधवारच्या संकेतांचे दहा-दहा दिवस एकमेकांवर चढलेले असतात. एक शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेला, तर उत्तरपत्रिका आधीच फुटलेली असते. त्यामुळे परीक्षेच्या काळावर चढणारे संकेत शिकवणीतून काढावे लागतात. ते काढल्यावर यशाचे प्रमाण ५६ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर घसरले, तर मॉडेल काहीच शिकलेले नव्हते, कारण डोळे मिटून निम्मे संकेत सोडले असते तरी ते ४०च्या आसपासच राहिले असते.

आणि मूळ नियमाने जो सौदा सुचवलाच नाही, तो हे दुसरे मॉडेल कधीच शोधून देणार नाही.