पार्श्वभूमी : पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि ‘लाभ’ या शब्दाचा गुंता

शिकवण्यापूर्वी आणि शिकवल्यानंतर चाचणी घेऊन दोहोंतला फरक पाहण्याची रीत बी.एड.च्या कृतिसंशोधनामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची आहे. अहवालात मध्यमान, प्रमाण विचलन आणि ‘टी’ मूल्य येते, त्याखाली ‘०.०५ स्तरावर सार्थक’ असे एक वाक्य येते, आणि विषय तिथे संपतो. मुलांना किती लाभ झाला, हा प्रश्न मात्र त्या वाक्याने सुटत नाही, कारण ‘लाभ’ हा एकच शब्द आज निदान तीन वेगवेगळ्या हिशोबांसाठी वापरला जातो आणि लहान वर्गात या तिन्हींची उत्तरे जुळत नाहीत.

‘टी’ चाचणी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली ती लहान नमुन्यांसाठीच. डब्लिनच्या एका बिअर कारखान्यातील रसायनतज्ज्ञाने ती टोपणनावाने मांडली, आणि त्याने दिलेले एक उदाहरण अवघ्या १० रुग्णांच्या झोपेच्या तासांचे होते : त्याच माणसाचे दोन आकडे, त्यांतली वजाबाकी, आणि मग त्या वजाबाक्यांची सरासरी. त्यामुळे ‘तीसपेक्षा कमी मुले असतील तर संख्याशास्त्र लावता येत नाही’ हा शिक्षकांमध्ये रूढ झालेला समज उलटाच म्हणावा लागेल. १९६३ च्या एका प्रसिद्ध वर्गीकरणाने नियंत्रित गट नसलेल्या, एकाच गटावरील पूर्व-उत्तर अभिकल्पाला खऱ्या प्रयोगाच्या पंक्तीत बसवले नाही, कारण मधल्या काळात मुले अन्यत्रही शिकतात, वयाने वाढतात आणि पहिल्या चाचणीतूनच प्रश्नांना सरावतात. १९७० मध्ये आणखी एक आक्षेप जोरात आला : दोन्ही चाचण्यांतल्या मापनाच्या चुका वजाबाकीत एकत्र होतात, म्हणून एकेका विद्यार्थ्याचा वाढीव गुण हे डळमळीत माप आहे. ही टीका एकेका मुलाच्या बाबतीत रास्त होती. सगळ्या वर्गाच्या सरासरीला ती तितकीशी लागू पडत नाही, आणि हा भेद पुढे फारसा कोणी पाळला नाही.

आजचा गुंता खरे तर १९९० च्या दशकातला आहे. बल आणि गती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या समजुती तपासणारी एक बहुपर्यायी चाचणी १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि १९९८ मध्ये तिच्या आधारे ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची पाहणी छापून आली. काही वर्गांची सुरुवात ३० टक्क्यांवर होती, काहींची ६० वर. तेव्हा नुसती वाढ सांगून तुलना अन्यायाची झाली असती. म्हणून पाहणीकर्त्याने प्रत्यक्ष वाढीला शक्य असलेल्या वाढीने भागले : (उत्तर − पूर्व) ÷ (पूर्ण गुण − पूर्व). पारंपरिक व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी ०.२३ आली आणि विद्यार्थ्यांना वर्गातच विचार व चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८. ०.३ च्या खाली ‘अल्प’, ०.३ ते ०.७ ‘मध्यम’ आणि त्यावर ‘उच्च’ अशी विभागणीही त्याच लेखातली. ती सोयीची खूण होती, पण पुढच्या अहवालांत ती उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या रेषेसारखी वापरली जाऊ लागली.

मूळ लेखात हा भागाकार वर्गाच्या सरासऱ्यांवर केलेला होता. नंतरच्या अनेकांनी तो एकेका विद्यार्थ्यासाठी करून मग त्या भागाकारांची सरासरी घेतली आणि दोन्हींना एकच नाव ठेवले. मोठ्या वर्गात दोन आकडे सहसा जवळ येतात, म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही. लहान वर्गात काय होते ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर २० गुणांची चाचणी आणि १० मुले. पूर्वचाचणीत त्यांना ४, ५, ६, ६, ७, ८, ८, ९, ११ आणि १८ गुण. उत्तरचाचणीत त्याच क्रमाने ९, ८, १२, १०, १३, ११, १४, १२, १६ आणि १७. सरासरी ८.२ वरून १२.२ वर गेली, म्हणजे वाढ ४ गुणांची. दहा वजाबाक्यांचे प्रमाण विचलन २.१६ येते, त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.६८, आणि ‘टी’ मूल्य ५.८६. स्वाधीनता मात्रा ९ असताना ०.०५ स्तरावर २.२६ पुरते. याच आकड्यांवरून खरी सरासरी वाढ साधारण २.५ ते ५.५ गुणांच्या दरम्यान असावी असेही म्हणता येते, आणि माझ्या मते ‘सार्थक’ या शब्दापेक्षा हे वाक्य वाचणाऱ्याला कितीतरी अधिक सांगते.

आता लाभ. सरासऱ्यांवरून ४ ÷ ११.८, म्हणजे ०.३४ : ‘मध्यम’. एकेका मुलाचा लाभ काढून सरासरी घेतली तर ०.२८ : ‘अल्प’. वर्ग तोच, उत्तरपत्रिका त्याच. फरक पडला तो १८ वरून १७ वर आलेल्या एकट्या मुलामुळे. त्याला वाढायला दोनच गुणांची जागा होती, म्हणून एका गुणाची चूक उणे ०.५ झाली आणि बाकी नऊ जणांची ०.३६ ही सरासरी तिने खाली ओढली. तोच मुलगा १९ वर गेला असता तर एकेकट्याच्या हिशोबाने आकडा ०.३८ झाला असता. सरासऱ्यांच्या हिशोबाने मात्र ०.३४ चा केवळ ०.३६. इतक्या वरच्या गुणांवर दोन गुणांची चढउतार घाईने किंवा एखादा प्रश्न चुकीचा वाचल्यानेही होते, तिचा शिकवण्याशी संबंध असेलच असे नाही.

या विसंगतीवर २००७ मध्ये एक तोडगा सुचवला गेला : गुण घटले असतील तर शक्य वाढीने न भागता पूर्वगुणांनी भागावे. वरच्या मुलाचा लाभ त्यामुळे उणे ०.०६ होतो आणि वर्गाचा ०.३२. हा तोडगा व्यवहार्य आहे, पण त्याने आधीच्या दोन आकड्यांत तिसऱ्याची भर घातली. शिवाय २००५ च्या एका अभ्यासात पूर्वगुण जास्त असलेल्या विद्यार्थ्यांचा लाभही बऱ्याच ठिकाणी जास्त आढळला, म्हणजे ज्या असमानतेपासून हे सूत्र वाचवणार होते ती पूर्णपणे गेलेली नव्हती. दहा-पंधरा मुलांच्या वर्गात सरासऱ्यांवरचा लाभ द्यावा, तो कसा काढला ते एका ओळीत लिहावे आणि सोबत प्रत्येक मुलाचे दोन्ही गुण छापावेत, हेच मला सर्वांत प्रामाणिक वाटते. इतकी छोटी यादी अर्ध्या पानात मावते.

एक जुनी चूक या साऱ्या वादात झाकली जाते. वरच्या वर्गात आणखी दोन मुले होती, त्यांना पूर्वचाचणीत प्रत्येकी ३ गुण मिळाले आणि उत्तरचाचणीच्या दिवशी ती गैरहजर राहिली, असे समजा. पूर्वचाचणीची सरासरी बारा जणांची आणि उत्तरचाचणीची दहा जणांची घेतली, तर ती ७.३ वरून १२.२ वर गेल्यासारखी दिसते आणि कोणालाही काहीही अधिक न येता ४ गुणांची वाढ ४.९ होते. जोडीने केलेल्या ‘टी’ चाचणीत ही गफलत लगेच उघड होते, कारण तिथे दोन नावांसमोरची वजाबाकी रिकामी राहते. दोन सरासऱ्या शेजारी शेजारी मांडणाऱ्या स्तंभालेखात ती दिसत नाही.