अंडं ब्रेडच्या बाहेर की आत? फ्रेंच टोस्ट आणि ब्रेड ऑम्लेटची आच

फ्रेंच टोस्ट आणि ब्रेड ऑम्लेट या दोन्हींत अंडं असतं, ब्रेड असतो आणि तवा असतो. म्हणून ब्रेड ऑम्लेट चांगलं जमणारी माणसं फ्रेंच टोस्टही त्याच आचेवर करायला घेतात आणि फसतात. वरून गडद तपकिरी, खमंग दिसणारा काप मधोमध कापला की आत गार, ओलं, कच्चट मिश्रण निघतं. माझेही पहिले कित्येक टोस्ट असेच झाले. मी बराच काळ दुधाचं प्रमाण बदलत राहिले, पण चूक प्रमाणात नव्हती, आचेत होती.

दोन्हींतला खरा फरक गोड-तिखटाचा नाही. साखर न घालता मीठ-मिरी घातली तरी फ्रेंच टोस्ट हा फ्रेंच टोस्टच राहतो. फरक अंडं कुठे आहे याचा आहे. ब्रेड ऑम्लेटमध्ये अंडं ब्रेडच्या बाहेर असतं, तीन-चार मिलिमीटरच्या थरात, थेट तव्याला टेकलेलं. ब्रेड जवळजवळ कोरडाच राहतो, त्याला फक्त गरम व्हायचं असतं. फ्रेंच टोस्टमध्ये अंडं दुधात मिसळून ब्रेडच्या आत, पार मधल्या भागापर्यंत मुरलेलं असतं. तव्याची उष्णता त्या ओल्या कापातून मधल्या भागापर्यंत पोचल्याशिवाय ते शिजत नाही. जाडी दुप्पट झाली की उष्णतेला आत पोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. एका मिनिटात शिजणारा ऑम्लेटचा थर आणि दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा भिजलेला काप यांना एकच घड्याळ लावून चालत नाही.

दुधामुळे आणखी एक गोष्ट होते. नुसतं फेटलेलं अंडं ७३ अंशांच्या आसपास घट्ट होतं. त्यात दूध आणि साखर घातली की अंड्यातली प्रथिनं विरळ होतात, त्यांना एकमेकांत गुंतायला जास्त उष्णता लागते, आणि तेच मिश्रण ८० ते ८५ अंशांना धरतं. म्हणजे फ्रेंच टोस्टच्या मधल्या भागाला ऑम्लेटपेक्षा जास्त तापायचं असतं, आणि तेही लांबून. वरची बाजू मात्र त्याची वाट पाहत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडालं की तिथलं तापमान शंभराच्या पुढे जातं, १४० अंशांच्या आसपास खरपूस रंग धरू लागतो, आणि दुधातली-मिश्रणातली साखर त्याला घाई करते. तवा फार तापलेला असेल तर मधला भाग ६० अंशांवर असतानाच बाहेरचा भाग करपायला लागलेला असतो.

म्हणून फ्रेंच टोस्टला मंद ते मध्यम यांच्या मधली आच लागते. अंदाज घ्यायला लोणी पुरेसं आहे. तव्यावर लोणी टाकल्यावर ते फेसाळावं, हळूहळू फेस बसावा आणि रंग पिवळाच राहावा. अर्ध्या मिनिटात ते तपकिरी व्हायला लागलं तर तवा टोस्टसाठी जास्त तापलाय. ब्रेड ऑम्लेटला मात्र याहून चढी, मध्यम आच हवी. तेल पातळ होऊन सहज पसरायला लागलं की अंडं ओतायचं, आणि ओतताच कडा चुरचुरत पांढऱ्या झाल्या पाहिजेत. पाण्याचा थेंब गोळी होऊन तव्यावर नाचू लागला तर मात्र तवा दोन्हींसाठी जास्त गरम आहे.

एक उदाहरण घेते. दीड सेंटिमीटर जाडीचे चार काप, दोन अंडी, १२० मिलिलिटर दूध, एक चहाचा चमचा साखर, चिमूटभर मीठ. अंडी आधी नीट फेटून मग दूध घालावं, नाहीतर पांढऱ्या बलकाच्या गाठी ब्रेडवर चिकटून राहतात आणि तेवढ्याच जागी रबरासारखं लागतं. ताज्या, मऊ ब्रेडला प्रत्येक बाजूने १५-२० सेकंद पुरतात. आदल्या दिवशीचा ब्रेड असेल तर दुप्पट वेळ भिजवला तरी तो मोडत नाही, म्हणून टोस्टसाठी शिळा ब्रेड खरोखर चांगला. काप उचलून क्षणभर निथळायचा आणि लोण्यावर ठेवायचा. आवाज मंद यायला हवा, तडतड नको. पहिली बाजू साडेतीन मिनिटं, त्यातलं मधलं एक मिनिट झाकण. झाकणाखालची वाफ वरून उष्णता देते, पण ते पूर्ण वेळ ठेवलं तर पृष्ठभाग ओला राहतो आणि रंग येत नाही. उलटल्यावर तीन मिनिटं, झाकण न ठेवता.

शिजल्याची खूण रंगात शोधू नये, स्पर्शात शोधावी. कापाच्या मध्यावर बोटाने हलकं दाबा. कच्चा असेल तर बोट बुडतं आणि कडेने पिवळसर पाणी झिरपतं. शिजला असेल तर तो परत वर येतो, आणि पाहिलं तर काप मधोमध थोडा फुगलेलाही दिसतो. रंग आला पण मधला भाग अजून दबतोय, अशी वेळ आली तर गॅस अगदी बारीक करून झाकण ठेवा आणि दीड मिनिट थांबा. आच वाढवून ही चूक दुरुस्त होत नाही.

ब्रेड ऑम्लेटचं सगळं काम तीनेक मिनिटांत उरकतं. दोन अंडी, दूध न घालता, कांदा-मिरची बारीक चिरून. कांदा जाड चिरला तर थर फाटतो. अंडं ओतून वरची बाजू ओली असतानाच दोन स्लाइस त्यात टेकवायच्या आणि लगेच उलटून ठेवायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना अंडं लागतं. मिनिटभराने कालथा घालून पाहायचं. थर तव्यापासून सुटला की एका झटक्यात अख्खं उलटायचं, आणि ब्रेडच्या बाजूने आणखी मिनिटभर. इथे आच मंद ठेवली तर उलटी फसगत होते. अंडं धरायला वेळ लावतं, तेवढ्यात ते ब्रेडमध्ये शिरतं, आणि हाती ना धड ऑम्लेट येतं ना धड टोस्ट, नुसता लिबलिबीत ब्रेड.

टोस्टच्या दुसऱ्या घाण्याला मात्र जास्त जपावं लागतं. पहिले दोन काप होईपर्यंत तवा, विशेषतः जाड लोखंडी तवा, आणखी तापलेला असतो, आणि त्यावर उरलेलं लोणी काळपट झालेलं असतं. त्यातच पुढचे काप टाकले की त्यांना काळे ठिपके आणि कडवट चव येते. म्हणून पहिला घाणा काढला की गॅस बंद करून कागदी रुमालाने तवा पुसून घ्यावा, मिनिटभर थांबावं, मग नवं लोणी टाकून ते पिवळं फेसाळतंय हे पाहूनच तिसरा काप ठेवावा.