झेरॉक्सवर सही कुणाची? स्वसाक्षांकित, साक्षांकित आणि नोटरी प्रतींचा हिशोब

प्रवेशाचे दिवस आले की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्ट आणि कलेक्टर कचेरीच्या आसपास टायपिस्ट, नोटरी आणि स्टँपवाल्यांच्या टेबलांभोवती पालकांची गर्दी वाढते. बहुतेकांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा असतो आणि मागणी एकच, "सगळ्यावर नोटरी मारून द्या, नंतर भानगड नको." टेबलवाला कशाला नाही म्हणेल? त्या गठ्ठ्यातल्या बहुतेक कागदांना नोटरीची गरज नसते, आणि ज्या एखाद्या कागदाचं काम खरोखर अडणार असतं त्याला नोटरीचा शिक्का मारूनही उपयोग नसतो.

झेरॉक्स मूळ कागदाशी जुळते, याची जबाबदारी कोण घेतो एवढ्यावर सगळा फरक आहे. स्वसाक्षांकित प्रतीत ती तुम्ही घेता: झेरॉक्सवर 'सत्यप्रत' लिहून स्वतःची सही करता. साक्षांकित प्रतीत राजपत्रित अधिकारी, विशेष कार्यकारी अधिकारी किंवा अर्जात सांगितलेला दुसरा अधिकारी मूळ कागद पाहून सही-शिक्का करतो. नोटरी हा 1952च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला वकील. तो मूळ कागद पाहून प्रत खरी असल्याचं लिहून देतो आणि आपल्या नोंदवहीत त्याची नोंद करतो. कागदावरचा मजकूर खरा आहे, अशी हमी तिघांपैकी कोणीही देत नाही. दाखल्यात जात चुकीची लिहिली असेल, तर नोटरीची प्रतही तीच चूक दाखवणार.

महाराष्ट्रात यातला मोठा बदल 9 मार्च 2015च्या शासन निर्णयाने झाला. सरकारी कार्यालयातल्या अर्जासोबत साक्षांकित प्रतीऐवजी स्वसाक्षांकित प्रत आणि शपथपत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालेल, असं त्यात ठरलं. कायद्यानेच जिथे शपथपत्र सांगितलंय ते मात्र सुटलं नाही. निर्णयासोबत दोन नमुने आहेत, स्वयंघोषणेचं प्रपत्र-अ आणि स्वयंसाक्षांकनाचं प्रपत्र-ब. सेतू केंद्रात अर्जासोबत हीच दोन पानं हातात देतात आणि लोक न वाचता सही करतात. प्रती खोट्या निघाल्या तर माझ्यावर खटला भरला जाईल हे मला ठाऊक आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. छापील नमुन्यांत अजून भारतीय दंड संहितेचं नाव दिसतं. 1 जुलै 2024पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असली, तरी त्यामुळे जबाबदारी कमी झालेली नाही.

आता एक फाइल उघडून पाहू. समजा काटोलची एक मुलगी आहे, इतर मागासवर्गातली. बारावी झाली, इंजिनिअरिंगची सीईटी दिली, आणि आता जात पडताळणीसाठी अर्ज करायचाय. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग कागद घेऊन दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात जिल्हा जात पडताळणी समितीकडे जायचं. (अनुसूचित जमातीची समिती वेगळी, आदिवासी विकास विभागाची.) तिच्या फाइलीत साधारण असे कागद येतील: तिचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा जुना पुरावा, आणि दोन शपथपत्रं.

तिचा स्वतःचा दाखला आणि गुणपत्रिका सोप्या. मूळ कागद स्कॅन करून चढवायचा, कागदी संचात स्वसाक्षांकित झेरॉक्स लावायची आणि पडताळणीला मूळ प्रत सोबत न्यायची. जातीचा दाखला आपले सरकारवरून निघालेला डिजिटल सहीचा असेल, तर त्याची खातरजमा पोर्टलवर होते. त्याच्या प्रिंटवर कुणाचा शिक्का मारून त्याचं वजन वाढत नाही.

खरं प्रकरण आजोबांच्या पुराव्याचं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो (अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961). घरात आजोबांचा दाखला म्हणून बहुधा एक पिवळी पडलेली झेरॉक्स असते, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. लोक तीच घेऊन नोटरीकडे जातात. पण मूळ कागद समोर नसताना नोटरीने ती 'मूळप्रमाणे' म्हणून कशी द्यायची? आणि दिली, तरी समितीला त्या शिक्क्याचं काय करायचं? समितीला हवी असते ती ज्या दप्तरात मूळ नोंद आहे, त्या दप्तराने दिलेली प्रत.

हा चौथाच प्रकार आहे, प्रमाणित नक्कल. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याने मिळतो. आपल्या विदर्भात त्याखेरीज कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद आणि 1954-55च्या अधिकार अभिलेखाची नक्कल हे दोन पुरावे फार कामाचे आहेत. त्यांच्यासाठी तहसील किंवा भूमी अभिलेखाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. नकलेवर देणाऱ्याची सही, कार्यालयाचा शिक्का आणि तारीख हवी, आणि कोणत्या रजिस्टरवरून, कोणत्या गावची, कोणत्या साली झालेली नोंद आहे ते वाचता यायला हवं. प्रकरण चौकशीसाठी समितीच्या दक्षता पथकाकडे गेलं, तर पथक शाळेत किंवा तहसीलमध्ये जाऊन मूळ रजिस्टर उघडतं. तिथे शाई बदललेली किंवा जात मागाहून लिहिलेली दिसली, की झेरॉक्सवर किती शिक्के आहेत हे कोणी विचारत नाही.

म्हणून फाइल लावताना पहिला वेळ आणि पैसा या नकलेवर घालवा. तिला आठवडे लागू शकतात. शपथपत्राचं काम एका दिवसात होतं.

उरली शपथपत्रं. समितीला सहसा वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 मध्ये आणि दुसरं नमुना 17 मध्ये लागतं. इथे नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकारी खरोखर हवा. पण तो झेरॉक्सवर शिक्का मारण्यासाठी नसतो, तुमच्याकडून शपथ घेवविण्यासाठी असतो. शपथ घेणारा, म्हणजे बहुतेक वेळा वडील, स्वतः हजर हवेत, त्यांनी मजकूर वाचून त्याच्यासमोर सही करायची आणि ओळखीचा पुरावा सोबत न्यायचा. घरून सही करून पाठवलेल्या कागदावर नोटरीने शिक्का मारला, तर ते शपथपत्र कच्चंच. वंशावळीतली नावं दाखल्यांतल्या नावांशी अक्षर न अक्षर जुळतात का, तेही आधीच बघा. आजोबा शाळेत 'लक्ष्मण' आणि वंशावळीत 'लखमाजी' असतील, तर तो फरक शपथपत्रातच स्पष्ट लिहायला लागतो.

शपथपत्र नीट नोटरी झालंय की नाही, हे टेबलावरून उठण्याआधी पाहून घ्या. गोल शिक्क्यावर नोटरीचं नाव, त्याचं कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. सही आणि तारीख शिक्क्याखाली दडलेली नको. नोंदवहीतला अनुक्रमांक कागदावर लिहिलेला हवा, आणि शपथ घेणाऱ्याची सही त्या वहीतही झाली पाहिजे. नोटरीचं प्रमाणपत्र 5 वर्षांचं असतं, मग नूतनीकरण. बरेच जण मुदतीची तारीख शिक्क्याशेजारी देतात; ती उलटून गेलेली असेल तर दुसऱ्या टेबलावर जा. वहीत काही न लिहिता फक्त शिक्का मारणारा स्वस्त पडतो, पण उद्या कोणी नोंद विचारली तर दाखवायला काही नसतं.

आता 500 रुपयांचा स्टँप. ऑक्टोबर 2024पासून किमान मुद्रांक 100वरून 500 झाला आणि प्रत्येक टेबलावर "शपथपत्र म्हणजे पाचशे" सुरू झालं. पण शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्रांवर मुद्रांक शुल्काची माफी 2004पासून आहे. जात पडताळणी, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर यांसारख्या कामांसाठी ती लागू असल्याचं सरकारने 2025मध्ये पुन्हा सांगितलंही. म्हणजे काटोलच्या त्या मुलीची दोन्ही शपथपत्रं साध्या कागदावर होतात. खासगी व्यवहाराच्या कागदाला मात्र ही माफी नाही.

स्वतःच्या सहीतही लोक घोळ घालतात, आणि तो खिडकीवरच पकडला जातो. एका प्रतीवर सही करून मग तिच्या झेरॉक्स काढतात. सही प्रत्येक प्रतीवर आणि प्रत्येक पानावर शाईने, झेरॉक्स निघाल्यावर करायची. सोबत 'मूळ प्रतीवरून सत्यप्रत', पूर्ण नाव आणि तारीख. अर्जावरची सही आणि ही सही सारखीच असू द्या. आधारच्या दोन्ही बाजू घ्या. अर्जदार 18च्या आतला असेल तर आई किंवा वडिलांनी सही करायची. आधारची प्रत देताना तिच्यावर आडवं 'केवळ जात पडताळणीसाठी' असं लिहून टाकावं. सही केलेली कोरी प्रत उद्या कुठे फिरेल ते आपल्या हातात राहत नाही. आणि मूळ कागदावर चुकूनही सही करू नका.

बाकी अर्जांचं थोडक्यात. पासपोर्टला स्वसाक्षांकित प्रती आणि मूळ कागद पुरतात. डिसेंबर 2016पासून त्यांची घोषणापत्रंही साध्या कागदावर चालतात, नोटरी नको. पॅनच्या अर्जालाही स्वसाक्षांकित प्रत. बँकेत केवायसी करताना बँकेचा कर्मचारीच मूळ कागद पाहून प्रतीवर सही करतो, त्यामुळे बाहेरून साक्षांकन करून नेण्यात अर्थ नाही. परदेशात राहणाऱ्या भावाचं खातं असेल तर मात्र तिकडच्या नोटरीची किंवा भारतीय दूतावासाची प्रत मागतात. आधार केंद्रात प्रत ठेवतच नाहीत, मूळ कागद स्कॅन करून परत देतात. पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल, तर राजपत्रित अधिकाऱ्याने ठरावीक नमुन्यात फोटोसह दिलेलं प्रमाणपत्र चालतं, पण ते 3 महिन्यांच्या आत वापरावं लागतं. अधिकाऱ्याची सही अजूनही खरोखर लागते, ती अशा ठिकाणी.

भाडेकराराचं वेगळं सांगायला हवं, कारण नागपुरात 'नोटरी केलेला करार' पक्का समजतात. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून असा करार परत आला की भाडेकरू खिडकीवरच्या माणसाशी भांडत बसतो.

एवढं करूनही एखाद्या सरकारी खिडकीवर "राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणा" म्हटलं, तर आधी अर्जाच्या सूचना त्याच्यासमोर ठेवून वाचा. सूचनेत 'साक्षांकित' एवढंच लिहिलं असेल तर 9 मार्च 2015च्या शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि मागणी अर्जावर लेखी नोंदवून द्यायला सांगा. केंद्राच्या कार्यालयांना हा राज्याचा निर्णय लागू होत नाही, तिथे त्यांच्याच सूचना पाहाव्या लागतात. आणि शेवटची तारीख परवावर आली असेल, तर वाद बाजूला ठेवून ओळखीच्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याकडे मूळ कागद घेऊन जा आणि सही आणा.